चिनी अक्षरांतला टॅब्लेट आणि हॉटेलची खोली

चीनमधील शांघाय, शेन्झेन, ग्वांगझो यांसारख्या शहरांत मध्यम आणि वरच्या दर्जाच्या अनेक हॉटेलांमध्ये पलंगाशेजारी एक टॅब्लेट ठेवलेला किंवा भिंतीत बसवलेला असतो. खोलीतले दिवे, खिडकीचे पडदे आणि एसी त्यावरून चालतात. परदेशी पाहुण्यांची सवय असलेल्या हॉटेलात त्यावर इंग्रजी मिळते, पण मुख्यतः देशातल्याच प्रवाशांवर चालणाऱ्या हॉटेलात सगळी बटणे चिनी लिपीत असतात. ग्वांगझोच्या व्यापारी जत्रेला जाणारा मुंबई-पुण्याचा आयातदार असो की कारखान्याच्या कामासाठी सूजोला गेलेला अभियंता, कार्ड लावून आत गेल्यावर त्याच्या पुढ्यात हाच टॅब्लेट येतो.

खोली या टॅब्लेटच्या हुकमात असली, तरी टॅब्लेट स्वतः काहीच करत नाही. दिव्यांच्या, पडद्याच्या मोटरच्या आणि एसीच्या तारा एका नियंत्रण पेटीत येतात. ही पेटी बहुधा कपाटात किंवा दाराजवळच्या खोट्या छताच्या वर दडवलेली असते. तिच्यात रिले नावाचे विजेवर उघडझाप करणारे छोटे स्विच ओळीने असतात. भिंतीवरची बटणेही याच पेटीला जोडलेली असतात. टॅब्लेट फक्त वायफायवरून या पेटीला संदेश पाठवतो. संदेशात दोनच गोष्टी असतात: कोणता रिले, आणि त्याने काय करायचे. बटणावर लिहिलेले नाव या संदेशात जातच नाही. ते नाव बसवणाऱ्या कंपनीने स्क्रीनवर वेगळे टाइप केलेले असते, आणि इंग्रजी नावे हवी असतील तर तीही कोणीतरी वेगळी टाइप करावी लागतात. बऱ्याच टॅब्लेटवर इंग्रजी नसण्याचे किंवा अर्धवट असण्याचे कारण एवढे साधे आहे.

हे संदेश किती उघडे असू शकतात, ते २०१४ साली जगापुढे आले. हेसूस मोलिना हे संगणक-सुरक्षेचे सल्लागार शेन्झेनमधील एका आलिशान हॉटेलात उतरले होते. तिथे प्रत्येक पाहुण्याला खोली चालवण्यासाठी आयपॅड दिला जात असे. तो पाहुण्यांच्याच वायफायवरून केएनएक्स या इमारत-नियंत्रणाच्या पद्धतीने संदेश पाठवत होता, आणि संदेश कोण पाठवतो आहे याची कसलीही तपासणी नव्हती. मोलिना यांनी काही वेळा खोली बदलून घेतली, खोलीगणिक पत्ते कसे बदलतात ते ताडले, आणि दोनशेहून अधिक खोल्यांचे दिवे, पडदे, तापमान बाहेरून चालवता येऊ शकते हे दाखवून दिले. त्याच वर्षी लास वेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत त्यांनी ते मांडले. सामान्य प्रवाशाने यातून घ्यायचे ते वेगळेच आहे. बटणामागे असतो तो एक पत्ता आणि एक आकडा. अक्षर वाचता आले नाही तरी बटण दाबले की पेटी तिचे काम करते, आणि काय घडले ते खोलीतच दिसते. दिव्यांच्या बाबतीत तरी दाबून पाहणे हीच सर्वांत जलद पद्धत आहे.

मात्र दाबण्यापूर्वी दाराजवळच्या खाचेत कार्ड आहे ना, ते पाहावे. हे कार्ड आत सरकवले की खोलीचा मुख्य वीजपुरवठा सुरू होतो आणि काढले की थोड्या वेळाने बंद होतो. टॅब्लेटला मात्र वेगळी, कायम चालू असलेली वीज मिळते किंवा त्याची स्वतःची बॅटरी असते. त्यामुळे कार्ड नसतानाही तो उजळलेला दिसतो, बटणे रंग बदलतात आणि खोलीत काहीच होत नाही. नवखा माणूस यातून एवढाच अर्थ काढतो, की आपण चुकीचे बटण दाबतो आहोत. मग तो आणखी दहा बटणे दाबतो आणि कार्ड लावल्यावर कोणत्या बटणाने काय झाले याचा पत्ता लागत नाही.

दुसरी पायरी भाषेची. स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पृथ्वीगोलाचे चिन्ह, EN ही अक्षरे किंवा 中/EN अशी जोडी दिसते का, ते आधी पाहावे. तिथे काही नसेल तर दातेरी चाकाचे चिन्ह शोधावे. त्याखाली 设置 असे लिहिलेले असते आणि ती सेटिंगची जागा असते. आत गेल्यावर 语言 या दोन अक्षरांची ओळ भाषेची असते. ती सापडली तर काम झाले. सापडली नाही तर ती लपलेली आहे असे समजून शोधत बसू नये, बहुधा ती नसतेच. काही हॉटेलांत इंग्रजी निवडल्यावर वरची शीर्षके तेवढी बदलतात आणि एकेका दिव्याचे नाव चिनीच राहते. ती नावे कोणी टाइप केलेलीच नसतात.

फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करणारी ॲप इथे उपयोगी पडतात, पण चीनमध्ये गूगलच्या सेवा स्थानिक इंटरनेटवर चालत नाहीत. हॉटेलच्या वायफायवर विसंबणाऱ्याला ते तिथे गेल्यावर कळते. सोपी चिनी लिपी या नावाचे भाषेचे पॅक घरूनच फोनमध्ये उतरवून घेतले, तर इंटरनेटशिवायही कॅमेरा वाचून दाखवतो. हे झाले नसेल तर खोलीतच एक शब्दकोश टांगलेला असतो, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पलंगाच्या दोन्ही बाजूंना आणि दाराजवळ भिंतीवर जी बटणांची पाटी असते, तिच्यावर पुष्कळदा चिनीखाली इंग्रजी नाव किंवा निदान चित्र छापलेले असते. टॅब्लेटवर जे चिनी नाव आहे, तेच या पाटीवर असते. दोन्ही शेजारी धरून जुळवले की निम्मा टॅब्लेट वाचता येतो.

मुख्य पानावर चार-पाच मोठे चौकोन किंवा डावीकडे तेवढ्याच ओळी असतात. त्यांतल्या तीन महत्त्वाच्या. दिव्यांसाठी 灯光, पडद्यांसाठी 窗帘 आणि एसीसाठी 空调. सोबत चित्रे असतात, पण आजकालची चित्रे इतकी बारीक आणि सांकेतिक असतात की त्यांतून पडदा कोणता आणि एसीची जाळी कोणती ते ओळखता येत नाही. अक्षरांची ओळख करून घेणे त्यापेक्षा सोपे. 灯 या अक्षराचा डावा भाग म्हणजे आग या अर्थाचे छोटे चिन्ह आहे. ते प्रत्येक दिव्याच्या नावात, बहुधा नावाच्या शेवटी, दिसते. 窗帘 आणि 空调 यांची पहिली अक्षरे मात्र फसवतात, कारण दोन्हींवर सारखेच छप्पर आहे. म्हणून त्यांचे दुसरे अक्षर पाहावे. पडद्याच्या 帘 मध्ये खाली कापडाचा अर्थ असलेले चिन्ह मधोमध लटकते. एसीच्या 调 मध्ये डावा भाग अरुंद आणि उजवा भाग चौकटीसारखा असतो.

यानंतर लागतात ती दोन अक्षरे, 开 आणि 关. पहिले सुरू करण्याचे व उघडण्याचे, दुसरे बंद करण्याचे व मिटण्याचे. दिव्यापासून पडद्यापर्यंत सगळीकडे हीच जोडी चालते. 开 चा माथा सपाट आडव्या रेघेचा असतो, 关 च्या माथ्यावर दोन छोटी शिंगे असतात. एवढा फरक लक्षात राहिला तर उरलेली खोली चालवायला फार अक्षरे लागत नाहीत.

दिव्यांच्या पानावर खोलीतल्या प्रत्येक दिव्याचे एक बटण असते, आणि चालू दिव्याचे बटण वेगळ्या रंगात उजळते. इथे एकेक बटण दाबावे, वर पाहावे, पुढे जावे. बाथरूमचे दार उघडे ठेवून हे करावे, नाहीतर आतला दिवा लागलेला कळत नाही आणि ते बटण बिघडलेले वाटते. काही बटणांशेजारी सरकपट्टी असते, ती प्रकाश कमी-जास्त करण्यासाठी. ती अगदी डावीकडे सरकवलेली असेल तर दिवा चालू असूनही विझल्यासारखा दिसतो.

या पानावर किंवा मुख्य पानावर 总开 आणि 总关 ही सर्व दिव्यांची बटणे असतात. नावात सर्व असले तरी 总关 दाबल्यावर सर्व दिवे जात नाहीत. पलंगाखालचा किंवा बाथरूमच्या वाटेवरचा रात्रीचा दिवा काही ठिकाणी मुद्दाम राखलेला असतो, काही ठिकाणी तो हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर असतो आणि माणूस कुशीवर वळला तरी लागतो. त्याचे बटण 夜灯 या नावाने दिव्यांच्या यादीत असते. ते सापडले नाही तर मध्यरात्री टॅब्लेटशी झगडण्यात अर्थ नाही, भिंतीच्या पाटीवर तेच नाव शोधावे. मेजावरचा सुट्या तारेचा दिवा तर या पेटीला जोडलेलाच नसतो. त्याचे बटण त्याच्या तारेवर असते.

काही बटणे एका दिव्यासाठी नसून साऱ्या खोलीसाठी असतात. स्वागत, वाचन, टीव्ही, झोप असे तयार प्रसंग बसवणाऱ्याने आधीच रचून ठेवलेले असतात. त्यांतले 睡眠 हे झोपेचे बटण ओळखून ठेवावे. ते दाबले की दिवे विझतात, पडदे मिटतात आणि पुष्कळ हॉटेलांत एसीचा पंखाही मंद होतो. म्हणूनच एक घोटाळा नेहमी होतो. माणूस एसी जोरात लावतो, नंतर दिवे घालवायला झोपेचे बटण दाबतो, आणि अर्ध्या तासाने उकडू लागले की एसी बिघडला असे धरून चालतो. तेव्हा आधी झोपेचे बटण दाबावे, मग एसी हवा तसा लावावा. उलट क्रमाने केले तर आधीचे पुसले जाते.

पडद्यांचे पान सर्वांत सोपे, आणि घाई करणाऱ्याला सर्वांत जास्त चकवणारे. खिडकीवर बहुधा दोन पडदे असतात. बाहेरचा पातळ, उजेड येऊ देणारा पडदा म्हणजे 纱帘. आतला जाड, अंधार करणारा पडदा नुसता 窗帘 किंवा 布帘 या नावाने येतो. प्रत्येकासमोर तीन बटणे असतात: 开, मध्ये 停 आणि 关. मधले थांबवण्याचे.

पडद्याची मोटर रुळाच्या टोकाला असते आणि पट्ट्याने पडदा ओढते. तिचा वेग सेकंदाला साधारण पंधरा सेंटिमीटर असतो. चार मीटर रुंदीच्या खिडकीचे दोन पडदे मध्यातून दोन बाजूंना जायचे, तर प्रत्येकाला दोन मीटर अंतर कापायचे असते. म्हणजे तेरा-चौदा सेकंद लागतात. शिवाय संदेश पोहोचून मोटर हलायला क्षणभर वेळ जातो. तेवढ्यात पाहुणा पुन्हा बटण दाबतो. जिथे उघडणे, थांबणे आणि मिटणे एकाच बटणावर असते तिथे दुसरा दाब थांबवतो आणि तिसरा उलट दिशेला नेतो. पडदा मध्येच अडकून पुढेमागे करताना दिसला, तर दोष बहुतेक वेळा बोटाचा असतो. एकदा दाबावे आणि वीस सेकंद काही करू नये.

खरा बिघाड असेल तर तो वेगळा दिसतो. मोटरचा घरघराट येतो पण कापड हलत नाही, किंवा पडदा टोकाला पोहोचण्याआधी दर वेळी त्याच जागी थांबतो. अशा वेळी कापडाची खालची कड धरून हलका झटका द्यावा. पुष्कळ मोटरी हाताने ओढल्यावर स्वतःच चालू होतील अशा बनवलेल्या असतात, आणि वीज गेली असेल तर पडदा हाताने सरकवता येतो. जोर लावून मात्र ओढू नये. पट्टा दातांवरून सरकला की दोन्ही पडदे एका बाजूला सरकलेले राहतात आणि मग तंत्रज्ञ येईपर्यंत ते तसेच.

एसीची गोष्ट निराळी. इथे भाषा येऊनही माणूस अडकतो, कारण टॅब्लेटवर दिसणारी सगळी बटणे खोलीच्या हातात असतातच असे नाही.

आधी पान वाचून घ्यावे. मधोमध एक मोठा आकडा असतो आणि शेजारी एक लहान. त्यांतला एक खोलीचे सध्याचे तापमान सांगतो, त्याला 室温 असे लिहिलेले असते. दुसरा हवे असलेले तापमान, त्याजवळ 设定 असते. मोठा कोणता असेल याचा नियम नाही. अधिक-उणे दाबल्याबरोबर जो आकडा बदलतो तो हवे असलेले तापमान. दुसऱ्याकडे पाहत दाबत राहिले तर काहीच होत नाही असे वाटते, आणि तोवर मागणी मात्र सोळा अंशांपर्यंत गेलेली असते.

आकड्याखाली कामाचे प्रकार असतात. 制冷 म्हणजे थंड करणे आणि 制热 म्हणजे गरम करणे. दोन्हींचे पहिले अक्षर एकच, म्हणून दुसरे पाहायचे. थंडच्या 冷 अक्षराच्या डावीकडे दोन छोट्या तिरप्या खुणा असतात, त्या मुळात बर्फाच्या. गरमच्या 热 अक्षराखाली ओळीने चार टिंबे असतात, ती आगीची. डावीकडे दोन म्हणजे गारवा, खाली चार म्हणजे उष्णता. तिसरे 送风, म्हणजे नुसता पंखा, गरम नाही आणि थंडही नाही. पंख्याच्या वेगासाठी 低, 中, 高 अशी चढती तीन अक्षरे असतात. मधले 中 चौकोनातून उभी रेघ गेल्यासारखे आहे, ते सापडले की उरलेली दोन त्याच्या दोन बाजूंना. 自动 दाबले तर वेग यंत्र ठरवते.

आता या बटणांमागे काय असते ते पाहावे. घरच्या स्प्लिट एसीसारखे स्वतंत्र यंत्र मोठ्या हॉटेलच्या खोलीत नसते. तळघरातील किंवा गच्चीवरील यंत्रे पाणी थंड करतात. हे पाणी साधारण सात अंश सेल्सिअसला नळांतून प्रत्येक मजल्यावर फिरते. खोलीच्या दाराजवळच्या खोट्या छतावर एक पंखा आणि नळीचे वेटोळे असते. पंखा खोलीतली हवा त्या वेटोळ्यावरून फिरवतो. टॅब्लेटच्या हातात दोनच गोष्टी आहेत: पंख्याचा वेग, आणि वेटोळ्यात पाणी सोडणारी झडप. पाणी थंड आहे की गरम, ते इमारत ठरवते.

त्यातही अनेक इमारतींत पाणी नेण्याचा एकच आणि परत आणण्याचा एकच नळ असतो. याला दोन-नळी रचना म्हणतात. चार नळ असतील तर एका खोलीत गारवा आणि शेजारच्या खोलीत ऊब देता येते, पण त्याला खर्च जास्त. दोन नळांच्या इमारतीत उन्हाळ्यात सगळीकडे थंड पाणी आणि हिवाळ्यात सगळीकडे गरम पाणी सोडतात. टॅब्लेटवर मात्र थंड आणि गरम ही दोन्ही बटणे बाराही महिने असतात.

समजा, नोव्हेंबरच्या मध्यावर शांघायमधील अशा हॉटेलात नाशिकचा एक प्रवासी रात्री पोहोचला. बाहेर पंधरा अंश आहेत, पण खोली बंद राहिल्याने आत सव्वीस अंश आणि कोंदट आहे. तो बरोबर 制冷 निवडतो, अठरा अंश लावतो, पंखा 高 वर नेतो. पंख्याचा आवाज लगेच वाढतो. म्हणजे संदेश पोहोचला, पेटी ठीक आहे, बटणही बरोबर आहे. झडप हळू उघडते, तिला काही मिनिटे लागतात, म्हणून त्याने दहा मिनिटे थांबायला हवे. दहा मिनिटांनी छताजवळच्या जाळीसमोर हात धरला तर हवा कोमट लागते, आणि खोलीचा आकडा सव्वीसवरून सत्तावीसवर गेलेला दिसतो.

हे उलटे कसे झाले? हॉटेलने त्या आठवड्यात हिवाळ्याचे गरम पाणी सुरू केले आहे. खोलीतल्या नियंत्रकाला थंड करण्याचा हुकूम मिळाला आणि खोली मागणीपेक्षा गरम आहे, म्हणून त्याने झडप पूर्ण उघडली. झडपेतून आले ते गरम पाणी. नळातल्या पाण्याचे तापमान ओळखण्याची सोय ज्या नियंत्रकाला नसते, तो अशा वेळी खोली जितकी तापेल तितका आणखी हट्टाने झडप उघडी ठेवतो. प्रवासी अठराचे सोळा करतो आणि घाम पुसतो.

अशा वेळी 送风 दाबावे. मग झडप मिटते आणि पंखा तेवढा चालतो. खिडकीची वरची फट उघडत असेल तर उघडावी, बाहेर पंधराच अंश आहेत. सकाळी रिसेप्शनला विचारले की गारवा कधी मिळेल याचे खरे उत्तर मिळते, आणि ते बहुधा एप्रिल-मे असे असते. टेबलफॅन मात्र मागितला तर मिळू शकतो. हंगाम बदलतानाच्या दिवसांत तर पाणी थंडही केलेले नसते आणि गरमही नसते. मग कोणतेही बटण दाबले तरी जाळीतून खोलीच्याच तापमानाची हवा येते.

हवा थंड येत असूनही आकडा एका मर्यादेखाली जात नसेल, तर ते नियमाचे काम असू शकते. चीनच्या मध्यवर्ती सरकारने २००७ मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी सूचना काढली: उन्हाळ्यात एसी सव्वीस अंशांखाली लावायचा नाही, हिवाळ्यात वीसच्या वर न्यायचा नाही. हॉटेले पाहुण्यांना नेहमी इतके आवळून धरत नाहीत, पण काही ठिकाणी टॅब्लेटची खालची मर्यादा बांधून ठेवलेली असते. उणेचे बटण दाबूनही आकडा बावीसवर किंवा चोवीसवर अडला, तर तो तिथेच राहणार.

पंखाच फिरत नसेल तर खिडकी किंवा बाल्कनीचे दार पाहावे. त्यांच्या चौकटीत चुंबकाचा छोटा सेन्सर असतो आणि दार उघडे राहिले की नियंत्रण पेटी एसी आपणहून थांबवते. दार घट्ट लागले नसेल तरीही हेच घडते, आणि स्क्रीनवर त्याचा खुलासा आला तरी तो चिनीतच असतो.

दिवे, पडदे आणि एसी यांच्या पानांवर काहीही दाबले तरी नुकसान होत नाही. सेवेचे पान तसे नाही. तिथल्या बटणांमागे रिले नसतो, माणूस असतो. 请勿打扰 म्हणजे त्रास देऊ नका. ते दाबले की दाराबाहेर लाल दिवा लागतो आणि खोली झाडायला कोणी येत नाही. दोन दिवस टॉवेल बदलले गेले नाहीत अशी तक्रार करण्याआधी हे बटण उजळलेले आहे का ते पाहावे. 退房 म्हणजे खोली सोडणे. ते चुकून दाबले गेले तर रिसेप्शनला पाहुणा निघाल्याचा निरोप जातो आणि थोड्याच वेळात कोणी दार ठोठावते. SOS लिहिलेले लाल बटण कशाचे ते सांगायला नको, पण बाथरूममध्ये ते दिव्याच्या बटणाच्या उंचीवरच बसवणारे लोकही आहेत. चित्रे पाहून अंदाजाने दाबण्याची जागा ही नव्हे.

टॅब्लेटच नादुरुस्त असेल तर ते ओळखण्याची एक साधी चाचणी आहे. भिंतीवरच्या पाटीवरून दिवा लावून पाहावा. भिंतीवरून लागला आणि टॅब्लेटवरून लागत नसेल, तर पेटी ठीक आहे आणि टॅब्लेटचे वायफाय तुटले आहे. अशा वेळी स्क्रीनवर बटणाचा रंग बदलतो आणि क्षणभराने पूर्ववत होतो, किंवा गोल फिरणारी खूण थांबतच नाही. टॅब्लेट चार्जिंगच्या बैठकीवरून काढून, बंद करून पुन्हा सुरू केला तर बहुधा जोडणी परत येते. भिंतीवरूनही काही लागत नसेल तर कार्ड काढून अर्धा मिनिट थांबावे आणि पुन्हा लावावे. तरीही खोली मुकी राहिली तर मग पेटीचाच दोष आहे, आणि तिथे पाहुण्याने हात घालू नये. तिच्यात २२० व्होल्ट असतात. अशा वेळी खोली बदलून मागणे हेच शहाणपणाचे, कारण तंत्रज्ञ रात्रपाळीला असेलच असे नाही.

सगळे नीट जुळल्यावर टॅब्लेटच्या पानांचे फोनने फोटो काढून ठेवावेत आणि त्यांवर बोटाने मराठीत नावे लिहावीत. भाषा बदलता आली असेल तरीही हे करावे. कार्ड काढून दिवसभर बाहेर राहिल्यावर खोली रिकामी धरली जाते, आणि काही हॉटेलांत त्याबरोबर टॅब्लेट आपल्या मूळ मांडणीवर परततो. संध्याकाळी तो पुन्हा चिनीत भेटतो. एसीचे लावलेले तापमानही अशा वेळी विसरले जाते, आणि हॉटेलने रिकाम्या खोलीसाठी ठरवलेला आकडा तिथे आलेला असतो.